सौम्य आम्लाचा टायट्रेशन आलेख कसा वाचायचा

बारावीच्या किंवा बीएस्सीच्या प्रयोगवहीत हा आलेख हमखास असतो. आडव्या अक्षावर ब्युरेटमधून सोडलेलं सोडियम हायड्रॉक्साइड आणि उभ्या अक्षावर द्रावणाचा सामू, म्हणजे पीएच. रेघ सुरुवातीला जरा भरभर चढते, मग बराच वेळ जवळजवळ आडवी चालते, नंतर अचानक उभी राहते आणि वर पोचल्यावर पुन्हा आडवी होते. बरेच विद्यार्थी हा आकार चित्रासारखा पाठ करतात. पण पाठ करण्यासारखं त्यात फारसं काही नाही. त्यातला जवळजवळ प्रत्येक चढ आणि सपाट भाग एकाच प्रश्नाच्या उत्तरातून येतो: या क्षणी फ्लास्कमध्ये आम्ल किती उरलंय आणि त्याचं रूपांतर होऊन तयार झालेला आयन किती आहे?

उदाहरण ॲसेटिक आम्लाचं घेऊ, म्हणजे व्हिनेगरमधल्या आम्लाचं. फ्लास्कमध्ये ०.१ मोलार ॲसेटिक आम्ल २५ मिली आणि ब्युरेटमध्ये ०.१ मोलार सोडियम हायड्रॉक्साइड. आम्ल आणि आम्लारी एकास एक या प्रमाणात अभिक्रिया करतात, त्यामुळे सगळं आम्ल संपवायला नेमके २५ मिली लागणार हे आधीच ठाऊक आहे. तरीही वाटेत काय घडतं ते पाहण्यासारखं आहे.

एक थेंबही सोडण्याआधी सामू २.८८ असतो. तितक्याच तीव्रतेच्या हायड्रोक्लोरिक आम्लाचा सामू १.०० असता. दोन्हींमध्ये आम्लाचे रेणू सारखेच आहेत, पण हायड्रोक्लोरिक आम्लाचे सगळे रेणू आपला हायड्रोजन आयन सोडून देतात, तर ॲसेटिक आम्लाच्या हजारातले जेमतेम १३ रेणू सोडतात. उरलेले ९८७ तो धरून बसलेले असतात. आम्लाला सौम्य म्हणतात ते याच अर्थाने.

यातून एक गैरसमज जन्माला येतो: आम्ल सौम्य आहे म्हणजे त्याला सोडियम हायड्रॉक्साइड कमी लागेल. तसं होत नाही. हायड्रॉक्साइड आयन मोकळे हायड्रोजन आयन संपवून थांबत नाही, तो न विचरलेल्या रेणूकडूनही हायड्रोजन काढून घेतो. ही ओढ इतकी जबर आहे की त्या अभिक्रियेचा समतोल स्थिरांक १०⁹ च्याही वर जातो. म्हणजे पडलेला प्रत्येक थेंब पूर्णपणे खर्च होतो. लागणारं आकारमान आम्ल किती आहे यावर ठरतं, ते सौम्य आहे की तीव्र यावर नाही. दोन्ही आम्लांना २५ मिलीच लागतात.

आता ब्युरेटची तोटी उघडू. पहिल्या १ मिलीतच सामू २.८८ वरून ३.४ च्या आसपास जातो. सौम्य आम्लाच्या आलेखाला सुरुवातीलाच असा छोटासा उंचवटा असतो, आणि तीव्र आम्लाच्या आलेखात तो नसतो. कारण साधं आहे. सुरुवातीला फ्लास्कमध्ये ॲसिटेट आयन अगदी नगण्य होते. पहिल्या मिलीने ते एकदम कितीतरी पट वाढवले. ॲसिटेट वाढलं की ते मोकळ्या हायड्रोजन आयनांना पुन्हा पकडून आम्लाचे रेणू बनवतं, म्हणून मोकळे हायड्रोजन आयन झपाट्याने घटतात आणि सामू चढतो.

यानंतर आलेखाचा सगळ्यात लांब भाग सुरू होतो, आणि तो समजण्यासाठी एकच समीकरण पुरतं. आम्लाच्या विचरणाचा स्थिरांक लिहून त्याची मांडणी जरा फिरवली, की हे हाती येतं:

```
[H+] = Ka × [CH3COOH] / [CH3COO-]
```

मोकळे हायड्रोजन आयन किती, हे उरलेलं आम्ल आणि तयार झालेलं ॲसिटेट यांच्या गुणोत्तरावर ठरतं. लॉरेन्स हेंडरसन यांनी १९०८ मध्ये रक्ताचा सामू स्थिर कसा राहतो याचा विचार करताना हे नातं मांडलं. पुढे १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी पीएच मोजपट्टी आणली, आणि १९१६ मध्ये हॅसेलबाल्क यांनी हेच नातं लॉगच्या भाषेत लिहिलं. पुस्तकात दिसतं ते रूप हे:

```
pH = pKa + log([CH3COO-] / [CH3COOH])
```

ॲसेटिक आम्लाचा पीकेए, म्हणजे Ka चा उणे लॉग, ४.७६ आहे. आता हिशेब इतका सोपा होतो की कॅल्क्युलेटर घेऊन कोणीही आलेख काढू शकेल. ५ मिली सोडले, म्हणजे पंचवीसातल्या ५ वाट्यांचं ॲसिटेट झालं आणि आम्लाचे २० वाटे उरले. गुणोत्तर ५ भागिले २०, त्याचा लॉग उणे ०.६०, म्हणून सामू ४.१६. याच रीतीने काढलेले आकडे खाली दिले आहेत. त्यातली ० आणि २५ मिलीची उत्तरं आणि २५ च्या पुढची उत्तरं वेगळ्या रीतीने येतात, त्याचं कारण पुढे येईल.

```
मिली    सामू
 0      2.88
 5      4.16
12.5    4.76
20      5.36
24      6.14
24.9    7.16
25      8.73
25.1   10.30
26     11.29
30     11.96
```

या आकड्यांकडे थोडा वेळ नुसतं बघावं. ५ पासून २० मिलीपर्यंत, म्हणजे तब्बल १५ मिलीत, सामू फक्त १.२ ने वाढला. आणि २४.९ पासून २५.१ पर्यंत, म्हणजे साधारण चार थेंबांत, तो तीनाहून जास्त वाढला. सोडियम हायड्रॉक्साइड तेच, तितक्याच तीव्रतेचं. फरक पडला तो फ्लास्कमध्ये काय शिल्लक होतं यामुळे.

आधी सपाट भाग. यालाच बफर भाग म्हणतात. इथे फ्लास्कमध्ये आम्ल आणि ॲसिटेट दोन्ही भरपूर आहेत. पडणारा थेंब थोड्या आम्लाचं ॲसिटेट करतो, पण दोन्ही साठे मोठे असल्यामुळे गुणोत्तर फारसं हलत नाही. त्यात सामू गुणोत्तराच्या लॉगवर अवलंबून असल्यामुळे तो आणखीच कमी हलतो. १२ मिलीवरून १३ मिलीवर गेलात तर गुणोत्तर १२/१३ चं १३/१२ होतं आणि सामू अवघ्या ०.०७ ने सरकतो. तोच १ मिली २३ वरून २४ वर जाताना सोडला तर आम्लाचा साठा २ वाट्यांवरून १ वर, म्हणजे निम्म्यावर येतो, आणि सामू ०.३२ ने सरकतो. म्हणजे बफरची ताकद दोन्ही साठ्यांमधला जो लहान आहे त्याच्यावर ठरते. दोन्ही समान असतात तेव्हा ती सर्वांत जास्त असते आणि आलेख तिथेच सर्वांत सपाट असतो.

ती जागा म्हणजे १२.५ मिली, अर्धी वाट. इथे गुणोत्तर १ होतं, त्याचा लॉग शून्य, आणि सामू थेट पीकेएइतका येतो. मला या आलेखातला सगळ्यात मोलाचा बिंदू हाच वाटतो, कारण आम्ल *किती* आहे हे २५ मिलीचा बिंदू सांगतो, पण आम्ल *कोणतं* आहे हे अर्धी वाट सांगते. फ्लास्कमध्ये फॉर्मिक आम्ल असतं तर अर्ध्या वाटेवर ३.७५ च्या आसपास आकडा आला असता, बेंझोइक आम्ल असतं तर ४.२० च्या. द्रावणात तेच आम्ल कमी-जास्त प्रमाणात असलं तरी हा आकडा जवळपास तोच राहतो.

बफर भागात गुणोत्तरच चालतं, हे एका साध्या कृतीनेही पटतं. १२.५ मिली सोडून झाल्यावर फ्लास्कमध्ये २५ मिली ऊर्ध्वपातित पाणी ओता. आम्ल आणि ॲसिटेट दोन्ही सारख्याच प्रमाणात विरळ होतात, गुणोत्तर बदलत नाही आणि सामू जेमतेम हलतो. फ्लास्कच्या कडेला उडालेला थेंब वॉश बॉटलने खाली उतरवला तरी टायट्रेशन बिघडत नाही. अभिक्रियेला लागणारं सोडियम हायड्रॉक्साइडही तेवढंच राहतं, कारण पाण्याने आम्लाचे रेणू वाढत नाहीत.

बफर भाग कुठून कुठपर्यंत धरायचा याला प्रयोगशाळेतला ठोकताळा असा की गुणोत्तर १/१० ते १०/१ असेपर्यंत. आपल्या उदाहरणात ते साधारण २.३ मिलीपासून २२.७ मिलीपर्यंत येतं, सामू ३.७६ ते ५.७६. त्यापलीकडे बफर एकदम तुटतो असं नाही, पण थकत जातो हे वक्राचा चढ पाहून कळतं.

२३ मिलीच्या पुढे आम्लाचा साठा संपत येतो. २४ वर एक वाटा, २४.९ वर एका वाट्याचा दहावा भाग. साठा लहान झाला की प्रत्येक थेंब गुणोत्तर जोराने हलवतो आणि रेघ उभी राहू लागते. मग २५ मिलीवर आम्ल पूर्ण संपतं. हा समतुल्यता बिंदू: जितकं आम्ल होतं, नेमकं तितकंच आम्लारी पडलंय.

इथे वरचं समीकरण चालत नाही. छेदात आम्ल आहे, आणि आता ते जवळजवळ शून्य आहे. म्हणून प्रश्न बदलावा लागतो. फ्लास्कमध्ये आता काय आहे? सोडियम ॲसिटेटचं द्रावण, एकूण ५० मिली आणि ०.०५ मोलार. ॲसिटेट आयन पाण्याकडून थोडे हायड्रोजन आयन घेतो आणि थोडे हायड्रॉक्साइड आयन मोकळे करतो. ते प्रमाण फार कमी असतं, पण सामू उदासीन ७ च्या वर न्यायला पुरतं. हिशेब केला तर ८.७३ येतो.

समतुल्यता म्हणजे सामू ७, हे समीकरण तीव्र आम्ल आणि तीव्र आम्लारी यांच्याबाबत खरं ठरतं आणि तिथून ते डोक्यात पक्कं बसतं. सौम्य आम्लाच्या बाबतीत तो बिंदू नेहमी ७ च्या वर असतो, आणि आम्ल जितकं सौम्य तितका वर. सामू ७ झाला की थांबायचं असं कोणी ठरवलं तर त्याने थोडं आम्ल शिल्लक ठेवलेलं असतं. आपल्या उदाहरणात सामू ७ झाल्यावर अजून साधारण ०.१५ मिली सोडायचे बाकी असतात.

२५ मिलीच्या पुढे आम्लाची कहाणी संपते. जास्तीचं सोडियम हायड्रॉक्साइड सगळा सामू ठरवतं. म्हणून हायड्रोक्लोरिक आणि ॲसेटिक आम्लाचे आलेख सुरुवातीला कितीही वेगळे असले, तरी २५ मिलीनंतर एकमेकांवर बसतात.

उडी कुठून सुरू होते यावर दर्शक ठरतो. हायड्रोक्लोरिक आम्लाच्या आलेखात २४.९ ते २५.१ मिलीत सामू ३.७ वरून १०.३ वर जातो, त्यामुळे त्या मोठ्या पट्ट्यात रंग बदलणारा कोणताही दर्शक चालतो. ॲसेटिक आम्लात ही उडी फक्त ७.२ ते १०.३ इतकीच असते. फिनॉल्फ्थॅलिन ८.२ ते १० मध्ये गुलाबी होतं, ते बरोबर उडीच्या आत बसतं. मिथिल ऑरेंज मात्र ३.१ ते ४.४ मध्ये रंग बदलतं, आणि आपल्या आलेखात तो पट्टा सुरुवातीलाच येतो. पहिल्या मिलीच्याही आधी रंग बदलायला सुरुवात होते आणि साडेसात मिलीपर्यंत तो हळूहळू पूर्ण बदलतो. ज्याने ते वापरलं त्याला २५ च्या जागी ६ किंवा ७ मिली उत्तर मिळू शकतं. ब्रोमोथायमॉल ब्लूचा पट्टा ६ ते ७.६, तो उडीच्या पायथ्याशी अडकतो आणि रंग २३.६ पासून हळूहळू सरकत राहतो. रंग एका थेंबात न बदलता सावकाश बदलतोय, हेच दर्शक चुकल्याचं सगळ्यात ठळक लक्षण.

रंगीत व्हिनेगर, म्हणजे सफरचंदाचं किंवा उसाचं, असलं की फिनॉल्फ्थॅलिनचा फिकट गुलाबी रंग डोळ्यांना नीट पकडता येत नाही. तिथे पीएच मीटर कामाला येतो. तेव्हा समतुल्यता बिंदू नजरेने ठरवायची गरजच नसते. उडीच्या आसपास ०.१ मिलीच्या अंतराने नोंदी घ्यायच्या आणि प्रत्येक टप्प्यात सामू कितीने वाढला ते लिहायचं. आपल्या उदाहरणात २४.८ ते २४.९ मध्ये वाढ ०.३०, पुढच्या टप्प्यात १.५७, त्यापुढच्या टप्प्यातही १.५७ आणि मग ०.३०. सर्वांत मोठ्या दोन वाढी जिथे एकमेकींना भेटतात, तो २५.० हा समतुल्यता बिंदू. सुरुवातीपासूनच ०.१ मिलीच्या नोंदी घेण्यात वेळ जातो. बफर भागात १ किंवा २ मिलीचे टप्पे पुरतात, तो वेळ उडीसाठी राखून ठेवावा.

हाच हिशेब खऱ्या व्हिनेगरवर लावून बघू. व्हिनेगरमध्ये आम्ल इतकं जास्त असतं की थेट घेतलं तर ब्युरेट रिकामी होईल, म्हणून १० मिली घेऊन १०० मिलीपर्यंत विरल करायचं आणि त्यातले २५ मिली फ्लास्कमध्ये घ्यायचे. समजा ०.१ मोलार सोडियम हायड्रॉक्साइडने समतुल्यता १७.५ मिलीला आली. म्हणजे १.७५ मिलीमोल आम्ल २५ मिलीत, तीव्रता ०.०७ मोलार. मूळ व्हिनेगर त्याच्या दहापट, ०.७ मोलार. ॲसेटिक आम्लाचा रेणुभार ६०, म्हणजे लिटरला ४२ ग्रॅम, अर्थात ४.२ टक्के. आता निम्म्यावर, ८.७५ मिलीला, सामू वाचायचा. तो ४.७ च्या आसपास असेल तर आपण ॲसेटिक आम्लच मोजलं याची खात्री पटते.

४.७६ का नाही, ४.७ का? कारण पुस्तकातला आकडा अतिविरल द्रावणासाठी आहे. फ्लास्कमध्ये सोडियम आणि ॲसिटेट आयनांची गर्दी असते, ती एकमेकांवर परिणाम करते आणि ॲसिटेटचा प्रभाव त्याच्या तीव्रतेपेक्षा थोडा कमी भरतो. म्हणून मीटरवर ०.१ पेक्षा थोडा कमी असा फरक दिसणं साहजिक आहे. मात्र ४.३ किंवा ५.१ आलं तर ते या कारणाने येत नाही. तेव्हा आधी मीटर ४, ७ आणि ९.२ च्या बफर द्रावणांवर पुन्हा जुळवून घ्यावा, कारण इलेक्ट्रोड बऱ्याच दिवसांनी काढला असेल तर बिघाड तिथेच सापडतो.

दुसरा नेहमीचा शत्रू म्हणजे हवा. सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण उघडं राहिलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं आणि त्यात कार्बोनेट तयार होतं. त्याची ओळख आलेखावरच पटते: उडी स्वच्छ उभी न राहता सामू ६ ते ८ च्या दरम्यान जरा कललेली, पसरट दिसते. दर्शक वापरत असाल तर गुलाबी रंग आला आणि अर्ध्या मिनिटात फिका पडला, असं होतं. रंग फिका पडण्यात हवेतून फ्लास्कमध्ये येणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचाही हात असतो, म्हणून साधारण ३० सेकंद टिकणारी फिकट गुलाबी छटा हा अंतिम बिंदू मानतात. उपाय असा की द्रावण उकळून थंड केलेल्या पाण्यात करावं, बाटली घट्ट बंद ठेवावी, आणि वापरण्याआधी पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटवर किंवा ऑक्झॅलिक आम्लावर त्याची खरी तीव्रता ठरवून घ्यावी. बाटलीवर लिहिलेल्या ०.१ वर विश्वास ठेवून केलेला हिशेब तेवढाच खरा, जेवढं ते लेबल खरं.

आणि एक मर्यादा, जी आलेख स्वतःच दाखवतो. आम्ल जितकं सौम्य, तितका बफर भाग वर सरकतो आणि उडीसाठी उरणारी उंची कमी होते, कारण उडीचा वरचा टोक जास्तीच्या सोडियम हायड्रॉक्साइडने ठरलेला असतो, तो सरकत नाही. बोरिक आम्लाचा पीकेए ९.२४ आहे. ०.१ मोलार बोरिक आम्लात सोडियम हायड्रॉक्साइड सोडत गेलं तर समतुल्यतेपाशी सामू ११ च्या आसपास असतो आणि रेघ तिथून सावकाश, न दचकता निघून जाते. दर्शकाला पकडायला काहीच नसतं. म्हणून बोरिक आम्ल मोजताना फ्लास्कमध्ये आधी भरपूर ग्लिसरॉल किंवा मॅनिटॉल घालतात. ते बोरिक आम्लाशी जोडलं जाऊन त्याहून बरंच तीव्र असं आम्ल तयार करतं, बफर भाग खाली उतरतो, उडी पुन्हा दिसू लागते आणि फिनॉल्फ्थॅलिन नेहमीसारखं चालतं.